साखर निघालेल्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू: किती, कधी आणि कसे

"लेक बाळंतपणाला आमच्याकडे बेळगावला आली आहे. बाळ 11 दिवसांचं आहे. सातव्या महिन्यात तिला साखर निघाली, मेटफॉर्मिनची गोळी चालू होती. बाळंत झाल्यावर गोळी बंद केली आणि घरी सोडताना उपाशीपोटी साखर 92 आली. मी 1 किलो गूळ, अर्धा-अर्धा किलो तूप, खारीक आणि सुकं खोबरं, पाव-पाव किलो डिंक, बदाम आणि काजू घेऊन 50 लाडू वळून ठेवलेत. गडहिंग्लजहून विहीणबाईंनी गोकाकच्या करदंटाचे दोन डबेही पाठवलेत. त्या म्हणतात, रोज सकाळी दोन लाडू दुधाबरोबर दे. डॉक्टर म्हणाले, गोड जपून. जपून म्हणजे नेमकं किती? साखर तर मी घातलेलीच नाही, सगळा गूळच आहे."

तुम्ही मापं दिलीत हे बरं झालं, कारण लाडवाचा हिशेब मापाशिवाय होत नाही. सगळं जिन्नस मिळून 3 किलो 250 ग्रॅम होतं. त्याचे 50 लाडू, म्हणजे एक लाडू 65 ग्रॅमचा. आपल्याकडे बाळंतिणीचा लाडू असाच मुठीएवढा वळायची रीत आहे.

आता त्या एका लाडवात काय आहे ते पाहू. गुळात शंभर ग्रॅममागे साधारण 85 ग्रॅम साखर असते आणि खारकेत 70च्या वर. तुमच्या 1 किलो गुळाची 850 आणि अर्धा किलो खारकेची 360 ग्रॅम धरली, तर 50 लाडवांत 1,200 ग्रॅमच्या वर साखर गेली. एका लाडवात सुमारे 24 ग्रॅम, म्हणजे सपाट पाच-सहा चमचे. काजू, बदाम आणि खोबऱ्यातलं थोडं पिष्ट मिळवलं की एका लाडवामागे कार्बोहायड्रेट 27 ग्रॅमच्या आसपास जातं. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीत साधारण तेवढंच असतं. स्निग्ध पदार्थ 21 ग्रॅम, उष्मांक सव्वातीनशे आणि प्रथिनं मात्र जेमतेम पावणेतीन ग्रॅम.

विहीणबाई सांगतात तसे दोन लाडू सकाळी दिले, तर 54 ग्रॅम कार्बोहायड्रेट आणि साडेसहाशे उष्मांक एका बैठकीत पोटात जातील. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज जे जादा उष्मांक लागतात ते साधारण 600. दोन लाडवांतच तो कोटा संपला. पण त्याच काळात तिला रोज सुमारे 17 ग्रॅम जादा प्रथिनं लागतात आणि दोन लाडवांतून त्यातली सहासुद्धा मिळत नाहीत. वर लाडवांनी पोट जड झालं की मुगाची आमटी, अंडं, मटणाचं अळणी पाणी, मेथीची भाजी यांतलं काहीतरी पानात राहतं. लाडवाचा हा तोटा ज्या बाळंतिणीला साखर नाही तिलाही लागू आहे. तशा बाळंतिणीला एवढा मोठा लाडू दिवसाला एक, तोही दोन वेळांत तोडून, भरपूर झाला.

तुमच्या लेकीला सध्या अर्धा लाडू, दिवसातून एकदा. डब्यातले लाडू किंचित कोमट करून प्रत्येकाचे दोन वळून ठेवा, म्हणजे 30 ते 33 ग्रॅमचे 100 छोटे लाडू होतील. एका लाडवात 13 ग्रॅम कार्बोहायड्रेट राहील. अख्खा लाडू हातात आला की अर्धा उरत नाही, म्हणून आधीच लहान वळणं बरं. त्या जेवणात पाव ते अर्धी भाकरी कमी केली की हिशेब जुळतो. आमटी, भाजी, ताक कमी करू नका.

आता वेळ. सकाळी उपाशीपोटी लाडू आणि साखर घातलेलं दूध ही जोडी तिच्यासाठी सर्वांत वाईट. रिकाम्या पोटी गोड गेलं की ते लवकर रक्तात उतरतं आणि दुधातली साखर वेगळीच. तोच छोटा लाडू दुपारच्या जेवणाच्या शेवटी दिला, तर आधी गेलेली भाजी, डाळ आणि भाकरी त्याचा वेग कमी करतात. दूध द्यायचं तर बिनसाखरेचं आणि वेगळ्या वेळी. शिवाय त्या दिवशी अळिवाची खीर, गोड शिरा, गुळाचा चहा असं दुसरं काही झालं असेल, तर लाडू दुसऱ्या दिवशी. बाळंतिणीच्या खोलीत गोड एका वाटेने येत नाही. घरातली प्रत्येक बाई आपलं म्हणून काहीतरी घेऊन येते, म्हणून काय द्यायचं ते घरातल्या एकाच माणसाने ठरवावं.

गुळाबद्दल. रक्तातल्या साखरेपुरता गूळ आणि साखर यांत धरण्याजोगा फरक नाही. गुळात थोडा ओलावा आणि थोडे क्षार असतात, बाकी ती उसाचीच साखर. गुळातून लोह मिळतं म्हणतात. तुमच्या एका मोठ्या लाडवात 20 ग्रॅम गूळ आहे आणि त्यातून जेमतेम 1 मिलिग्रॅम लोह मिळेल. पाजणाऱ्या बाईची रोजची गरज 23 मिलिग्रॅमची. ती भरून काढायला बाळंतपणानंतर सहा महिने लोहाची गोळी देतात, ती चालू ठेवा. खजूर, मध, उसाची काकवी हेही साखरेच्याच खात्यात. 'साखर नाही' असं सांगून विकलेल्या लाडवात बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी असतं.

अर्धा लाडू तिला मानवतो की नाही हे अंदाजाने ठरवू नका. गरोदरपणात घेतलेलं ग्लुकोमीटर घरात असेलच. एक दिवस दुपारी नेहमीचं जेवण लाडवाशिवाय द्या आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी साखर पाहा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तेवढंच, शेवटी छोटा लाडू, आणि पुन्हा दोन तासांनी पाहा. दुसरा आकडा 140च्या आत असेल, तर हे माप चालू ठेवायला हरकत नाही. 140 ते 180च्या मध्ये आला तर लाडू आणखी अर्धा करा किंवा खाली दिलेल्या बिनगुळाच्या लाडवावर या, आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहा. 180च्या वर गेला, किंवा उपाशीपोटी साखर दोन वेळा 100च्या वर आली, तर गोड थांबवून डॉक्टरांना आकडे दाखवा. तासाभराने पाहून समाधान मानू नका. लाडवात तूप आणि खोबरं भरपूर असल्याने पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे तासाचा आकडा सौम्य दिसतो आणि साखर नंतर चढते.

यात एक चूक सर्रास होते. लाडू खाऊन बोट टोचलं आणि बोटाला गूळ लागलेला असेल, तर मीटर भलताच मोठा आकडा दाखवतं. साबणाने हात धुवा, नीट कोरडे करा आणि मगच टोचा. नुसतं स्पिरिट पुसून गूळ जात नाही. आणि मीटरमध्ये थोडा फरक असतोच. एक दिवस 128 आणि दुसऱ्या दिवशी 136 आलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता बिनगुळाचा लाडू. पुढचा घाणा कराल तेव्हा तिच्यासाठी हा वेगळा काढा. डिंक 100 ग्रॅम, सुकं खोबरं 250, बदाम 200, भाजलेले पांढरे तीळ 100, खसखस 50, बियाकाढली खारीक 150 आणि तूप 150. एकूण 1 किलो, त्याचे 25 ग्रॅमचे 40 लाडू. एका लाडवात कार्बोहायड्रेट 4 ग्रॅमच्या आसपास राहतं, तेही बहुतेक खारकेचं. मात्र उष्मांक 140च्या जवळपास आहेत. साखर कमी झाली तरी तूप-खोबऱ्याचे उष्मांक जागच्या जागी असतात, म्हणून 'शुगर फ्री' समजून चार-चार खायचे नाहीत. दिवसाला एक, फार तर दोन. चवीला सुंठ, वेलची, किंचित जायफळ घाला. दोन चमचे भाजलेली मेथी पूड घातली तरी चालेल, पण मेथीने साखर उतरेल या भरवशावर राहू नका.

हा लाडू पहिल्यांदा करताना हमखास फुटतो. आपण ज्याला गोडवा समजतो तो गूळच इतका वेळ लाडू धरून ठेवत असतो. पाक काढला की ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं लागतं, आणि इथे ते खारीक आणि खोबऱ्याचं तेल करतं. खारकेचे तुकडे थोड्या तुपात परतून, निववून, बारीक पूड करा. खोबरं मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा आणि बदामाबरोबर मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवा. बोटांना तेल लागू लागलं की थांबा. त्यापुढे फिरवलं तर लगदा होतो आणि तूप बाहेर येऊन लाडू बसतो. सगळं एकत्र करून उरलेलं तूप कोमट करून घाला आणि मिश्रण हाताला गरम लागतंय तोवर घट्ट दाबून वळा. गार झाल्यावर वळायला गेलात तर जमणार नाही. तेव्हा पुन्हा कढई कोमट करून मिश्रण फिरवा, वर आणखी तूप ओतू नका. तरीही फुटलाच तर तसाच भुगा डब्यात ठेवा आणि वजनकाट्यावर एकदा 25 ग्रॅम मोजून तेवढ्याचं माप ठरवून वाटीत द्या. लाडू गोल असलाच पाहिजे असं बाळंतिणीच्या पोटाचं काही म्हणणं नाही.

डिंकाबद्दल शंका ठेवू नका. बाभळीचा असो की धावड्याचा, डिंक हा मुख्यतः विरघळणारा तंतू आहे. तो साखरेसारखा रक्तात जात नाही. तुमच्या लाडवात साखर चढवणारा जिन्नस डिंक नाही, त्याच्या सोबतीला आलेला गूळ आणि खारीक आहे. डिंकाचा त्रास होतो तो तळण्यातल्या कसुरीने. मोठे खडे तसेच तुपात टाकले की वरून फुलतात आणि आत कच्चे राहतात. तो कच्चा गाभा दाताला चिकटतो, पोटात पाणी ओढून घेतो आणि मग पोट गच्च होतं. लोहाच्या गोळीनेही शौचाला कडक होतं, टाके असतील तर दुखणं आणखी वाढतं आणि दोष लाडवाला जातो. म्हणून डिंक निवडून, एक-दोन उन्हं देऊन, ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे असे खडे करा. मध्यम आचेवर तूप तापवून आधी एकच खडा टाका. तो वर येऊन लाहीसारखा फुलला की मूठभर-मूठभर तळा. तूप फार तापलं असेल तर खडा बाहेरून लगेच तांबूस होतो आणि आत काचेसारखा राहतो. तळलेला खडा बोटांत चुरडून पाहा. आतपर्यंत पांढरा भुगा झाला पाहिजे. मधे कडक कण लागला तर तो घाणा पुन्हा मंद आचेवर फिरवा. लाडू खाल्ल्यावर पेलाभर कोमट पाणी प्यायला द्या आणि दिवसभर पाणी हाताशी ठेवा. 'बाळंतिणीने पाणी कमी प्यावं' ही जुनी समजूत डिंकाच्या लाडवाबरोबर तर अजिबात पाळू नका.

करदंटाचे डबे. गोकाकचा करदंट आपल्या भागाचं वैभव खरं, आणि नावातच त्याची ओळख आहे: कन्नडमध्ये करिद म्हणजे तळलेला, अंटु म्हणजे डिंक. पण तो गुळातच बांधलेला असतो. डब्याच्या मागे शंभर ग्रॅममागे 'टोटल शुगर्स' आणि 'ॲडेड शुगर्स' असे आकडे छापलेले असतात. समजा तिथे 45 लिहिलं असेल आणि वडी 20 ग्रॅमची असेल, तर एका वडीत 9 ग्रॅम साखर. घरच्या छोट्या लाडवात सुमारे 12 ग्रॅम आहे, म्हणजे तेवढी एक वडी लाडवाच्या जागी चालेल. लाडवाबरोबर मात्र चालणार नाही. विहीणबाईंचा मान राखायचा असेल तर वडी तोडून पानावर ठेवा. डबे घरातले बाकीचे आनंदाने संपवतील.

हे सगळं ज्यांची साखर बाळंतपणानंतर उतरली त्यांच्यासाठी. गरोदरपणातली साखर बहुतांश वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे चढते. वार पडली की त्यांचा जोर ओसरतो, म्हणून तुमच्या लेकीची गोळी थांबली. पण एखाद्या बाईला बाळंतपणानंतरही इन्सुलिन किंवा गोळी चालू असेल, उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त येत असेल, किंवा तिला गरोदर राहण्याआधीपासून मधुमेह असेल, तर गुळाचा लाडू तिच्या आहारात डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय आणू नये. इन्सुलिन घेणाऱ्या आईची साखर पाजल्यानंतर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांसमोर अंधारी येणं ही त्याची खूण, आणि मीटरवर 70च्या खाली आकडा. अशा वेळी घरचे धावत लाडू आणतात. तो उपयोगाचा नाही, कारण तुपामुळे त्यातली साखर उशिरा चढते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि ठीक झाल्यावर भाकरी-डाळ द्या.

तुमच्या लेकीला वारंवार तहान लागणं, रात्रीत चार-पाच वेळा लघवीला जावं लागणं, टाके भरून न येणं किंवा खाली सारखी खाज सुटणं यांतलं काही दिसलं, तर सहा आठवड्यांची वाट न पाहता साखर तपासून घ्या.

तसं काही नसेल तर बाळाच्या सहाव्या आठवड्याला 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी नक्की करायची. आधी रात्रभर, किमान आठ तास उपाशी, मग उपाशीपोटीचं रक्त, मग ग्लुकोजचं पाणी आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. उपाशीपोटी 126 किंवा अधिक, अथवा दोन तासांनी 200 किंवा अधिक आलं तर मधुमेह राहिला असं समजतात. दोन तासांचा आकडा 140 ते 199 आला तर तो उंबरठ्यावर आहे. या काळात एचबीए1सी वर विसंबू नये, कारण बाळंतपणात गेलेलं रक्त आणि लोहाची कमतरता यांनी तो आकडा फसवतो. तपासणीआधीचे तीन दिवस भाकरी-भात एकदम तोडून 'चांगला रिपोर्ट' आणायचा प्रयत्न करू नका. उलट ग्लुकोजचा भार शरीराला पेलवत नाही आणि आकडा वर जातो. नेहमीचं जेवा. सकाळी लाडू नको एवढंच. बाळाला पाजायला हरकत नाही.

ही तपासणी नेमकी आपल्या भागातच राहून जाते. सव्वा महिना झाला की लेक सासरी निघते. नोंदी बेळगावच्या दवाखान्यात, गरोदर बाईला मिळणारं तायी कार्ड कर्नाटकचं आणि सासर महाराष्ट्रात, गडहिंग्लजला. तिथल्या डॉक्टरांना साखरेचं काही माहीतच नसतं. बाळाची सहा आठवड्यांची लस त्याच दिवसांत असते, तेव्हा एकाच सकाळी दोन्ही उरका. ती तोवर तुमच्याकडेच असेल तर इथे, नाहीतर गरोदरपणातले आणि घरी सोडतानाचे कागद, मीटरचे आकडे लिहिलेली वही तिच्या पिशवीत घालून तिकडे. रिपोर्ट चांगला आला तरी पुढे दरवर्षी एकदा साखर तपासायची, कारण गरोदरपणात साखर निघालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा सात ते दहा पट असतो. पुढच्या खेपेला दिवस राहिल्याबरोबर पहिल्याच भेटीत हे डॉक्टरांना सांगायचं. आणि लाडवांचा डबा तिच्याबरोबर द्यायचाच असेल, तर त्यात बिनगुळाचे घाला.